लव्हेंडरचे अडीचशे कुर्ते: दिवाळीच्या खरेदीचा माझा अनुभव

ठाण्यात नौपाड्याला आमचे कुर्त्यांचे छोटे दुकान आहे. ते आत्याने सुरू केले आणि 2023 च्या दिवाळीची खरेदी तिने पहिल्यांदाच पूर्णपणे माझ्याकडे सोपवली. "माल तू घे, पण उरला तर तो विकायचाही तूच," एवढीच तिची अट होती. आत्याची पद्धत साधी होती. जून महिन्यात भिवंडीला जायचे, व्यापाऱ्यांच्या गादीवर कोणत्या रंगाच्या थप्प्या जास्त दिसतात ते पाहायचे आणि त्यातला आपल्याला पेलवेल तेवढा माल उचलायचा. त्या वर्षी जिथे तिथे लव्हेंडर होता. "ताई, सगळे हाच नेतायत," असे व्यापारी सांगत होते. ते खोटे बोलत नव्हते, पण सगळे हाच रंग का नेत आहेत हे समजल्याशिवाय किती न्यायचा हे ठरवता येईना, म्हणून मी मागचा माग काढायला बसले.

रंगांच्या अंदाजाचे काम दुकानाच्या फार आधी सुरू होते. 1963 मध्ये स्थापन झालेल्या इंटरकलर या आंतरराष्ट्रीय संस्थेत निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी वर्षातून दोनदा एकत्र बसतात. प्रत्येक देश आपला रंगप्रस्ताव आणतो, त्यांत वारंवार दिसणाऱ्या छटा बाजूला काढल्या जातात आणि चर्चेतून हंगामाच्या साधारण दोन वर्षे आधी एक सामाईक रंगपट तयार होतो. एवढी आगाऊ घाई असण्याचे कारण असे की सूत बनवणारा, रंगवणारा, कापड विणणारा आणि कपडा शिवणारा यांना एकामागून एक वेळ लागतो, आणि पहिल्याने चूक केली तर शेवटच्याला ती दुरुस्त करता येत नाही. समित्यांच्या जोडीला व्यावसायिक संस्थाही आहेत. त्यांपैकी डब्ल्यूजीएसएन आणि कलरो यांनी 'डिजिटल लव्हेंडर' हा 2023 चा रंग म्हणून 2021 मध्येच जाहीर केला होता. म्हणजे भिवंडीच्या गादीवर मला जे दिसत होते, ते दोन वर्षांपूर्वी कुठेतरी ठरून, सूत आणि रंगांच्या वाटेने तिथवर पोहोचले होते.

इथे एक गोम आहे. गिरण्या आणि कापड रंगवणारी प्रोसेस हाउस अंदाज पाहून माल बनवतात, व्यापारी तोच माल दाखवतात आणि तो सगळीकडे दिसू लागला की अंदाज खरा ठरल्यासारखा वाटतो. व्यापाऱ्याच्या 'सगळे नेतायत' या वाक्यात ग्राहक कुठेच नसतो. त्यात फक्त पुरवठा असतो. गंमत म्हणजे त्याच वर्षासाठी रंगांना क्रमांक देणाऱ्या पॅन्टोन या कंपनीने व्हिवा मॅजेन्टा हा रंग जाहीर केला होता. तो म्हणजे थोड्याफार फरकाने आपला राणी रंग, आणि राणी रंग आमच्याकडे दर दिवाळीला जातोच. जे न सांगताही विकले जाते त्याचा अंदाज मला काही नवे सांगत नव्हता. खरा प्रश्न लव्हेंडरचाच होता.

पुरवठ्याशी संबंध नसलेली साक्ष रस्त्यावरच मिळते, म्हणून मी मोजणी सुरू केली. जून ते ऑगस्ट दर शनिवारी ठरलेल्या वेळी मी तीन ठिकाणी कुर्ता घातलेल्या शंभर-शंभर जणी मोजत असे: सकाळी नऊला स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावर, दुपारी चेंदणीजवळ कॉलेजच्या रस्त्यावर आणि संध्याकाळी राम मारुती रोडवर. जागा आणि वेळ बदलली की आकड्यांची तुलना करता येत नाही, हे पहिल्याच आठवड्यात पावसाने शिकवले. मी आडोशाला म्हणून एका मॉलमध्ये मोजले आणि तो सगळा कागद फुकट गेला. मोजताना कुर्ता नवा आहे की धुऊन विटलेला, याची वेगळी खूण करणे मला फार उपयोगी पडले, कारण विटलेला रंग मागच्या वर्षीची निवड सांगतो.

जूनच्या मध्यावर कॉलेजच्या रस्त्यावर शंभरात अकरा लव्हेंडर होते, राम मारुती रोडवर पाच आणि सॅटिसवर तीन. ऑगस्टअखेर कॉलेजचा आकडा बारा, म्हणजे जवळपास तिथेच, राम मारुती रोडवर आठ आणि सॅटिसवर नऊ झाला, आणि सॅटिसवरचे बहुतेक कुर्ते नवे होते. याचा मी लावलेला अर्थ असा: मुलींमध्ये हा रंग माथ्यावर पोहोचून थांबला आहे आणि नोकरदार बायकांमध्ये आत्ता चढतो आहे. आमच्या ग्राहक मुख्यतः तीस ते पन्नास वयाच्या नोकरदार बायका असल्यामुळे दिवाळीला हा रंग चालेल, पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकेल असे धरू नये.

मोजणी पूर्ण होण्याआधी, जुलैतच, किती माल घ्यायचा याचे गणित मांडावे लागले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 1200 कुर्ते विकण्याचा अंदाज होता आणि हंगाम संपताना दुकानात 300 हवे होते. हातात 350 होते आणि 150 ची ऑर्डर आधीच गेली होती. 1200 अधिक 300, वजा 350, वजा 150, म्हणजे नवी खरेदी 1000 कुर्त्यांची. त्यांतले 600 मी मरून, नेव्ही, बाटली हिरवा, राणी अशा भरवशाच्या रंगांना दिले, 250 लव्हेंडरला दिले आणि 150 कुर्त्यांचे पैसे मुद्दाम मोकळे ठेवले. लव्हेंडरसाठी कुर्त्याला अडीच मीटर धरून 625 मीटर कोरे रेयॉन घेतले, पण त्यातले 375 मीटरच रंगवायला दिले. कोरे कापड कोणत्याही रंगाचे होऊ शकते, रंगवलेले परत कोरे होत नाही; त्यामुळे उरलेले 250 मीटर म्हणजे निर्णय पुढे ढकलण्याची मुभा होती.

डोंबिवली एमआयडीसीतल्या प्रोसेस हाउसला मी आधी मोबाइलवरचा फोटो पाठवला आणि तिथेच चुकले. लॅब डिप, म्हणजे पसंतीसाठी आधी रंगवून पाठवलेले नमुन्याचे तुकडे, माझ्या फोनवर एक दिसत, त्यांच्या फोनवर दुसरे. रंगाला ठरलेली ओळख लागते. डिजिटल लव्हेंडरचा कलरो क्रमांक 134-67-16 आहे. रंगचक्राच्या 160 भागांतली 134 ही जागा, 67 हा उजळपणा आणि 16 ही रंगाची तीव्रता. तीव्रता एवढी कमी म्हणजे रंगात करडेपणा बराच, हे मला आकड्यांवरून कळले, फोटोवरून कळले नव्हते. मग अधिकृत नमुन्याचा तुकडा देऊन पुन्हा डिप मागवले. त्यांपैकी एक तुकडा खिडकीजवळ हुबेहूब जुळत होता आणि आमच्या दुकानाच्या ट्यूबलाइटखाली राखेसारखा दिसत होता. दोन कापडे एका उजेडात जुळून दुसऱ्यात फुटणे ही रंगकामातली जुनी अडचण आहे, आणि ग्राहक कपडा दुकानातल्या उजेडातच पाहतो. कटिंग मास्तरांनी तो तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "गव्हाळ रंगावर हा उतरतो, थोडा गडद घ्या." मी पूर्ण ऐकले नाही. 90 कुर्ते नमुन्याबरहुकूम फिक्या छटेत आणि 60 त्याच जागेच्या, पण गडद छटेत करायचे ठरवले.

9 सप्टेंबरला माल दुकानात लागला. गणपती 19 तारखेला होते आणि पितृपक्ष महिनाअखेरीस सुरू होणार होता. पितृपक्षात विक्री मंदावते, म्हणून रंगाची परीक्षा त्याआधीच्या दोन आठवड्यांत घेणे भाग होते. 23 तारखेच्या रात्री 150 पैकी 54 गेले होते, म्हणजे 36 टक्के. दोन आठवड्यांत 40 टक्के गेले तर पुन्हा करायचे आणि 25 च्या खाली राहिले तर सवलत लावायची, अशी मी माझ्यापुरती रेघ आखली होती. 36 हा आकडा काहीच सांगत नव्हता. छटा वेगळ्या केल्या तेव्हा मात्र चित्र स्वच्छ झाले: फिक्याचे 90 पैकी 18, म्हणजे 20 टक्के, आणि गडदाचे 60 पैकी 36, म्हणजे 60 टक्के. दोन्हींना एकच 'लव्हेंडर' म्हणून एका ओळीत लिहिले असते, तर मी एक तर सगळेच थांबवले असते किंवा सगळेच वाढवले असते. रंगसमितीने दिशा बरोबर सांगितली होती. आमच्या उजेडात आणि आमच्या ग्राहकांच्या अंगावर ती किती गडद व्हायला हवी, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ठेवलेले कोरे कापड दुसऱ्या दिवशीच गडद छटेसाठी गेले. दुसऱ्या लॉटची छटा पहिल्याशी तंतोतंत जुळत नसते, म्हणून एका लॉटचा कुर्ता दुसऱ्या लॉटच्या पँटबरोबर जाऊ नये यासाठी टॅगवर वेगळी खूण केली. 14 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, 100 कुर्ते आले.

यानंतर मी जे केले ते मी सगळे शिकूनही केले. नवरात्रात आपल्याकडे रोजचा रंग ठरलेला असतो आणि लोकलच्या डब्यातच काय, बँकेच्या काउंटरमागेही तो दिसतो. त्याहून प्रभावी रंगसमिती जगात नसेल. त्या वर्षी 22 ऑक्टोबरला जांभळा होता. आमचे गडद लव्हेंडर 21 तारखेपर्यंत 100 पैकी 41 गेले, त्यांतले 26 शेवटच्या दोन दिवसांत. त्या गर्दीने हुरळून जाऊन मी 23 तारखेला मोकळ्या ठेवलेल्या पैशांतून घाऊक बाजारातून आणखी 60 तयार जांभळे कुर्ते उचलले. रस्त्यावरची मोजणी नवरात्राचे नऊ दिवस मी जाणूनबुजून बंद ठेवली होती, कारण त्या दिवसांत आवड नव्हे, वार मोजला जातो. पण दुकानातल्या बिलांना तोच नियम लावायचे मला सुचले नाही. दसऱ्यानंतर विक्री दिवसाला दोन-तीनवर आली. गडद लव्हेंडरचे राहिलेले कुर्ते दिवाळीपर्यंत गेले, फिक्यांचे 32 आणि घाऊक जांभळ्यांचे 38 शिल्लक राहिले.

12 नोव्हेंबरला दिवाळी पहाटेला राम मारुती रोड तरुण मुलामुलींनी भरला होता. मी सवयीने गर्दीच्या कडेला उभी राहून शंभर जणी मोजल्या. लव्हेंडर चार निघाले आणि पिस्ता नऊ, आणि पिस्त्यातले आठ नवे. आत्या शेजारी उभी होती. तिने कागदाकडे पाहिले आणि विचारले, "ते सत्तर कधी काढतेस?"