रिलेव्हंट एक्सपिरियन्स: शून्य

टोटल एक्सपिरियन्स ११ वर्षं, रिलेव्हंट एक्सपिरियन्स ०. पुण्यातल्या तीन कंपन्यांच्या एक्सेलमध्ये माझ्या नावापुढे हे आकडे गेले. त्यातल्या एका ठिकाणी तर तो शून्य मी स्वतःच्या हातानं टाकला, कारण त्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. नोकरी लागून आता काही महिने झालेत, तरी तो रकाना आठवला की डोकं तापतं.

अकरा वर्षं मी सोलापुरात एका लहानशा सॉफ्टवेअर फर्ममध्ये होतो. आमची गिऱ्हाइकं म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल आणि चादरीचे कारखाने. बिलिंग, स्टॉक, कामगारांचा पगार, सगळं व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस-भाषेत. मूळ प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ मी लागायच्या आधीच सोडून गेले होते. मागे राहिला कोड आणि त्यातल्या दोन-चार कॉमेंट. त्यातली एक होती, "हे काढू नये." का काढू नये ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. (मी एकदा काढलं. काढू नये.)

पहिला रेझ्युमे मी असा लिहिला होता: "फॉक्सप्रो ॲप्लिकेशनची देखभाल, बग दुरुस्ती, ग्राहकांना सपोर्ट." एक शब्दही खोटा नाही. पण वाचणाऱ्याला असं वाटावं की हा माणूस प्रिंटरचा कागद अडकला की काढून देतो.

आता तो फॉर्म. "प्रायमरी स्किल" निवडायची यादी होती, त्यात फॉक्सप्रो नव्हतं. "इतर" निवडलं तर खाली लाल अक्षरात पुन्हा तीच सूचना, प्रायमरी स्किल निवडा. मी एसक्यूएल निवडलं. लगेच नवा रकाना उघडला: या स्किलमधला अनुभव किती वर्षं? फॉक्सप्रोच्या आत एसक्यूएल चालतं, मी रोज तेच लिहीत होतो. पण हे "त्यांचं" एसक्यूएल धरायचं का? रात्री साडेअकराला मी याच प्रश्नावर बसलो होतो. शेवटी प्रामाणिकपणाचा झटका आला आणि शून्य टाकून सबमिट केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नकाराची मेल हजर. इतक्या लवकर माणूस वाचत नाही, चाळणी लावलेली असते.

दुसऱ्या कंपनीतून फोन आला तेव्हा मी जाम खूश. मॅडमनी विचारलं, "सर, रिलेव्हंट किती?" म्हटलं, "अकरा." "जावामध्ये?" "नाही, फॉक्सप्रो." "ते कशात येतं सर, फ्रंटएंड की बॅकएंड?" मी पाच मिनिटं समजावलं की त्यात स्क्रीन, डेटा, रिपोर्ट सगळं एकत्रच असतं. पलीकडून कीबोर्डचा आवाज आला, आणि मग, "ठीक आहे सर, मी झीरो टाकते, टीम बघेल." टीमनं काही बघितलं नाही. तिसऱ्या वेळी मी चिडलो, आवाज चढला, तोही कॉल गेला. दोन महिने असे गेले.

मार्ग दाखवला तो आतेभावानं. तो हिंजवडीत आहे आणि स्वतः मुलाखती घेतो. त्याला म्हटलं, त्या बाईला काही कळत नाही. तो म्हणाला, "तिला कळायचं कारणच काय? तिच्यासमोर आम्ही दिलेला तक्ता असतो. स्किल, वर्षं, नोटीस पिरियड. तू तिला गोष्ट सांगतोस, तिला आकडा हवाय. गोष्ट आमच्यासाठी ठेव."

मग मी कॉलसाठी एक कागद करून भिंतीला चिकटवला. एसक्यूएल ११ वर्षं, त्यातली फॉक्सप्रोतली किती आणि पोस्टग्रेस डेटाबेसवरची किती हे अलग. पायथॉन २ वर्षं, कारण फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायलींतला डेटा पोस्टग्रेसमध्ये न्यायची स्क्रिप्ट मी त्यात लिहिली होती. प्रॉडक्शन सपोर्ट ११. जावा शून्य, आणि हा शून्य न विचारता आधीच सांगायचा. फॉक्सप्रो हा शब्द पहिल्या वाक्यात आणायचा नाही, पण विचारलं तर लपवायचाही नाही. आणि जाहिराती निवडतानाच ज्यांत मायग्रेशन किंवा मॉडर्नायझेशन असे शब्द आहेत त्याच घ्यायच्या. जिथे सगळं नव्यानं बांधायचंय तिथे माझा उपयोग कमीच होता, हे मला फार उशिरा उमगलं.

आतेभावाचा दुसरा प्रश्न जास्त कामाचा निघाला. "अकरा वर्षांत असं एक काम सांग, की ते चुकलं असतं तर कुणाचे तरी पैसे गेले असते." मला पहिल्यांदा जुलै २०१७ आठवला.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आमच्या प्रोग्रॅममध्ये कराचा दर आयटम मास्टरमध्ये होता: एक माल, एक दर. पण टॉवेलला नियम असा आला की नगाची विक्री किंमत १००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १२. म्हणजे एकाच टॉवेलचा दर गिऱ्हाईक बदललं की बदलणार. दर मास्टरमधून काढून बिलाच्या ओळीवर आणावा लागणार होता. कोडमध्ये १००० आकडा ठोकून दिला असता तर तासाभरात काम संपलं असतं. पण सरकार हा आकडा कधीतरी बदलणारच असं वाटलं, म्हणून तारखेसकट वेगळं टेबल केलं:

```
SELECT TOP 1 rate, efffrom, maxprice FROM taxslab ;
  WHERE hsn = m.cHsn AND efffrom <= m.dBill ;
    AND m.nNetPrice <= maxprice ;
  ORDER BY efffrom DESC, maxprice ;
  INTO CURSOR curRate
```

खरा घोळ पुढे होता. टेस्ट वगैरे प्रकार त्या कोडला माहीतच नव्हता. म्हणून मी मागच्या तीन महिन्यांची बिलं नव्या प्रोग्रॅममधून पुन्हा काढली. जुन्या तारखेचं बिल जुन्यासारखंच यायला हवं, पैशापर्यंत. बरीचशी जुळली, काहींत रुपयाचा फरक आला. दिवसभर शोधल्यावर कळलं, जुना कोड प्रत्येक ओळ पूर्ण रुपयात करून बेरीज करायचा आणि मी आधी बेरीज करत होतो. मला माझी पद्धत बरोबर वाटत होती. कारखान्याचे अकाउंटंट काका म्हणाले, "जुनी पद्धत तशीच ठेव, पार्टीची खाती त्याच हिशोबानं जुळलीत." ठेवली.

मग नव्या दराची चाळीसेक बिलं काकांबरोबर हातानं तपासली. एक अडकलं. टॉवेल १०५० रुपयांचा, त्यावर बिलातच ५ टक्के सूट. प्रोग्रॅमनं १२ टक्के लावले. काकांनी कॅल्क्युलेटर पुढे केला: ९९७ रुपये ५० पैसे. हजाराच्या आत, म्हणजे ५ टक्के. मी सुटीच्या आधीची किंमत पाहत होतो. वरच्या कोडमध्ये `nNetPrice` आहे तो त्या दुपारचा. तसंच गेलं असतं तर जास्त कर लावलेली बिलं पार्ट्यांकडून परत आली असती, आणि पहिल्याच महिन्याच्या विवरणपत्रात निस्तरत बसावं लागलं असतं.

आणि २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, मर्यादा २५०० झाली आणि त्यावरचा दर १८. मी त्या टेबलात दोन नव्या ओळी टाकल्या, प्रोग्रॅमला हातही लावला नाही. जुन्या तारखेचं बिल पुन्हा छापलं तरी जुनाच दर येत होता.

रेझ्युमेत मग "देखभाल" जाऊन हे आलं: "टेस्ट नसलेल्या चालू बिलिंगमध्ये जीएसटीचा बदल केला, तीन महिन्यांची जुनी बिलं पुन्हा काढून पैशापर्यंत पडताळली, २०२५ चा दरबदल कोड न बदलता, दोन नोंदींत." जुन्या कोडचं सध्याचं वागणं आधी नोंदवून घ्यायचं आणि मग बदल करायचा, याला कॅरेक्टरायझेशन टेस्ट म्हणतात हे मला आतेभावानं सांगितलं. आठ वर्षांपूर्वी केलेल्या कामाचं बारसं असं उशिरा झालं.

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीतच, एका टीमकडून बोलावणं आलं. हुतात्मा एक्सप्रेसनं गेलो. मुलाखतीच्या फेऱ्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ९९७.५० ची गोष्ट सांगितली तेव्हा समोरच्यानं पेन खाली ठेवलं, एवढं लक्षात आहे. एक प्रश्न मात्र टोचला: "२०१५ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रोचा सपोर्ट बंद केला, मग तुम्ही दहा वर्षं का थांबलात?" इथे गिऱ्हाइकाला दोष द्यायचा मोह होतो, देऊ नका. मी सांगितलं की कारखान्याला नवं सॉफ्टवेअर परवडत नव्हतं, आणि टेबलाची फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही म्हणून जुनी वर्षं मी वेगळी काढून ठेवत होतो. म्हणजे धोका कुठे आहे ते माहीत होतं. जावा येत नाही हेही सांगितलं. त्यांनी पगार त्या हिशोबानंच लावला, माझ्या अपेक्षेपेक्षा कमी. ते गिळलं.

हो, दाखवायला नमुना मागतात. कारखान्याचा डेटा किंवा कोड दाखवू नका. मी खोट्या पार्ट्या आणि खोटी बिलं भरून तेच टेबल पायथॉनमध्ये पुन्हा बांधून नेलं होतं, दोन रविवार गेले.

आणि हे सगळ्यात आधी करायला हवं होतं: आपलं नेमणुकीचं पत्र काढून वाचा. माझ्या पत्रावर पदनाम "कॉम्प्युटर ऑपरेटर" होतं. अकरा वर्षं मी ते पाहिलंच नव्हतं. ऑफर हातात आल्यावर पडताळणीवाल्यांनी ते पकडलं आणि कामाचं स्वरूप सांगणारं पत्र मागितलं. तीन आठवडे मी शेठच्या मागे फिरलो. एकदा लेटरहेड संपलं होतं, एकदा शिक्का घरी राहिला होता. शेवटी नवी पेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या त्यांनी सही केली. "सॉफ्टवेअर डेव्हलपर" वाचून म्हणाले, "हे आधीच सांगायचंस की रे, तेव्हाच लिहून दिलं असतं."