बेल झाली नव्हती

बेल झाली नव्हती. चार मिनिटं बाकी होती. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोर होतं आणि पोरांच्या पाठीमागं, म्हणून ते फक्त मलाच दिसत होतं. तरी मी डस्टर टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "वेळ झाला, उद्या बघू."

रात्रीचे साडेदहा झालेत, अक्का झोपल्यात, आणि मी अजून त्या चार मिनिटांतच अडकून आहे.

झालं ते एवढंच. फळ्यावर X होता, शून्य ते एकमध्ये युनिफॉर्म, म्हणजे कुठंही सारख्याच शक्यतेनं पडणारा, आणि त्याचा वर्ग Y. आधीचा अर्धा तास फाशाचं चाललं होतं. फाशावर आलेल्या आकड्याचा वर्ग घ्या, तर १, ४, ९, १६, २५, ३६ मिळतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला १/६ तसंच राहतं. संभाव्यता आकड्यावर बसलेली असते, आकडा हलला की तीही त्याच्याबरोबर उठून जाते, कमीजास्त काही होत नाही. हाताला तीच सवय लागलेली. X ची डेन्सिटी, म्हणजे संभाव्यता कुठं किती दाट आहे ते, सगळीकडं एक, x च्या जागी √y घाला. घालायला x कुठं शिल्लकच नाही, म्हणून Y ची डेन्सिटीही एक. लिहून टाकलं. वर चौकट केली. चौकट कशाला केली कोण जाणे.

मागून ती जिंतूरहून एसटीनं येणारी बोलली, जी कधीच बोलत नाही. "मॅडम, मंग वर्ग केला काय अन् न्हाई केला काय, एकच झालं की?"

पोरं हसली. तिच्यावर हसली, माझ्यावर नाही. हेच तर खुपतंय. तिनं बरोबर जागी बोट ठेवलं होतं, हसू तिच्या वाट्याला आलं, आणि मी वेळ झाला म्हणून सांगून बाहेर पडले.

इतकी वर्षं शिकवतेय हे. उन्हाळ्यात पत्रे तापलेल्या वर्गात शिकवलंय, चिन्मय पोटात असताना उभं राहून शिकवलंय, आणि आज एक साधा वर्ग चुकला. कुणाला सांगणार? ह्यांना सांगितलं तर म्हणतील, त्यात काय एवढं. दादाला सांगितलं असतं, पण दादाचं सध्या… जाऊ दे.

चूक आपल्याला दिसली कशी नाही, हेच संध्याकाळभर शोधत होते. आणि मग दिसलं, तेव्हा जरा बरं वाटलं, हे कबूल करते. पोरांना मी नेहमी सांगते, डेन्सिटी काढली की तिच्याखालचं क्षेत्रफळ काढा, ते एक आलं पाहिजे. फळ्यावरच्या चुकीच्या उत्तराचं क्षेत्रफळ किती? उंची एक, रुंदी शून्य ते एक. म्हणजे एकच! शून्याचा वर्ग शून्य, एकाचा एक, त्यामुळं Y चीही हद्द तीच राहते आणि चुकीचं उत्तर परीक्षेतून बिनबोभाट पास होतं. X शून्य ते दोनमध्ये घेतला असता तर लगेच सापडले असते. डेन्सिटी अर्धी, Y ची हद्द शून्य ते चार, अर्धा गुणिले चार दोन. एकूण संभाव्यता दोन आली की झोपेतलाही माणूस उठून बसेल. सोपं पडावं म्हणून आपण शून्य ते एक घेतो, आणि नेमकी तिथंच चूक दडून बसते.

मग सरळ प्रश्न विचारायला हवा होता. Y पाव किंवा त्याहून कमी असण्याची शक्यता किती? Y पावाच्या आत म्हणजे X अर्ध्याच्या आत. ती शक्यता अर्धी. माझी चौकट सांगत होती पाव. एवढं फळ्यावर करायला एक मिनिट पुरलं असतं. माझ्याकडं चार होती.

जेवणं झाल्यावर डब्यातून ज्वारीचे शंभर दाणे मोजून घेतले. देवघरापुढं शहाबादी फरशी आहे, काळपट, तिच्यावर दाणा उठून दिसतो. शिवणाची टेप शंभर सेंटिमीटरपर्यंत सरळ पसरली आणि प्रत्येक सेंटिमीटरच्या मधोमध एकेक दाणा ठेवला. पहिला अर्ध्या सेंटिमीटरवर, दुसरा दीडवर, शेवटचा साडेनव्व्याण्णववर. हा झाला युनिफॉर्म. आता एकेक दाणा उचलून त्याच्या जागेच्या वर्गावर न्यायचा. टेप एक मीटरची, म्हणून ५० सेंटिमीटर म्हणजे अर्धा, त्याचा वर्ग पाव, तो दाणा २५ वर. दहावर असेल तो एकवर.

सुरुवातच अडली. पहिले दहाच्या दहा दाणे एका सेंटिमीटरच्या आत जायला लागले. दहावा साडेनऊवरून ०.९ वर आला, बाकीचे नऊ त्याच्याही मागं. ज्वारीचा दाणा तेवढ्यात मावतो होय? एकावर एक ढीग झाला, दोन घरंगळले. दुसऱ्या टोकाला उलटा प्रकार. शेवटचे दोन दाणे आधी एक सेंटिमीटर अंतरावर होते, ते आता ९७ आणि ९९ वर गेले, मधे जवळजवळ दोन सेंटिमीटर रिकामी फरशी. आणि मधे एक जागा अशी सापडली की मी गुडघ्यावर बसून बघतच राहिले. साडेएकोणपन्नास आणि साडेपन्नासवरचे दाणे हलून साडेचोवीस आणि साडेपंचवीसच्या आसपास गेले, पण त्यांच्यातलं अंतर बरोबर एक सेंटिमीटरच राहिलं. तिथं ना दाटी झाली ना विरळ. त्या जागेच्या अलीकडं दाटी, पलीकडं विरळ. आणि त्या जागेच्या अलीकडं पन्नास दाणे, पलीकडं पन्नास.

"काय करायलीस गं जमिनीवर? काही सांडलं का?" अक्का पाणी प्यायला उठल्या होत्या.

"नाही, कॉलेजचं काम आहे."

त्यांनी दाण्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काही न बोलता गेल्या.

जिंतूरवालीला हेच दाखवायला हवं होतं. दाणा हलला तरी दाणे तेवढेच राहतात. बदलते ती दोन दाण्यांमधली जागा. डेन्सिटी म्हणजे एका सेंटिमीटरात दाणे किती. जागा ताणली की ती उतरते, आवळली की चढते. वर्ग करताना x पाशी जागा 2x पट ताणली जाते, म्हणून जुन्या डेन्सिटीला 2x नं भागायचं. x म्हणजे √y, म्हणून f(y) = 1/(2√y). पाववर ती एक येते, ती माझी गुडघ्यावरची जागा. एकापाशी अर्धी येते, तिथं दाणे दोन-दोन सेंटिमीटरवर होतेच. फाशाला हे भागणं लागत नाही, कारण तिथं जागा नसतेच, नुसते ठिपके असतात. मी ठिपक्यांचा नियम जागेला लावला.

घाई असेल तेव्हा हे सूत्रही लक्षात ठेवू नये. Y ≤ y म्हणजे X ≤ √y, त्याची शक्यता √y, त्याचं डेरिव्हेटिव्ह घ्या, 2 खाली आपोआप येतो. चुकायला वावच नाही. पोरांना मी हाच रस्ता सांगते आणि स्वतः आडवाटेनं गेले.

शून्यापाशी ती डेन्सिटी वाढत वाढत अनंतापर्यंत जाते, त्यावर उद्या कुणीतरी अडेलच. अडू दे. पहिल्या सेंटिमीटरात दहा दाणे होते, ढीग झाला म्हणून अकरा झाले नाहीत. उंची कितीही जाऊ दे, शून्यापासून y पर्यंतचा हिस्सा √y च आहे.

आणि माझ्या चौकटीप्रमाणं Y ची सरासरी अर्धी आली असती. खरी एक तृतीयांश आहे. मध्यक पाव. X चा मध्यक अर्धा, त्याचा वर्ग पाव, मध्यक दाण्याबरोबर सरळ चालत जातो. सरासरी तशी जात नाही, लांब फेकले गेलेले दाणे तिला आपल्याकडं ओढतात. घरातही असतंच की हे. असो.

बेल झाली नव्हती. पुन्हा तिथंच येतेय मी. चुकीबद्दल काही वाटत नाही आता, खरंच. वाटतंय ते त्या घड्याळाचं.

तरी उद्यासाठी गणित काढून ठेवलंय, आणि ह्या वेळी हद्द मुद्दाम वाकडी घेतलीय: X उणे एक ते दोनमध्ये युनिफॉर्म, डेन्सिटी १/३. Y शून्य ते चार. आता पाववर दोन दाणे येतात, एक अर्ध्यावरून आणि एक उणे अर्ध्यावरून. म्हणून y एकाच्या आत असेपर्यंत दोघांची बेरीज, 1/(3√y). एकाच्या पुढं डावीकडून येणारं कुणी उरत नाही, कारण उणे एकच्या पलीकडं X नाहीच, तिथं 1/(6√y). y = 1 पाशी डेन्सिटी एकदम निम्म्यावर पडते, पायरी उतरल्यासारखी. पहिल्या तुकड्याचं क्षेत्रफळ २/३, दुसऱ्याचं १/३. जो डावी बाजू विसरेल त्याचं एकूण २/३ भरेल, आणि जो चारपर्यंत सगळीकडं दुप्पट करेल त्याचं ४/३. इथं चूक लपत नाही. वर्गात निम्मे तरी ह्यातलं एक करणार, आणि मी हसणार नाही. मला आता हसायची सोयच राहिली नाही म्हणा.

चौकट अजून फळ्यावर असेल. शिपाई मामा संध्याकाळी फळा पुसत नाहीत, सकाळी पुसतात, तेही आठवलं तर. पुसायच्या आधी पोचायचं. तिला पुढं बोलवायचं, खडू तिच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, काल तू काय विचारलं होतंस ते परत विचार. मग पाव. नुसतं पाव.

दाणे गोळा करून डबीत भरले, वर्गात न्यायला. मोजले तर नव्व्याण्णव. पाट उचलून बघितला, समईखाली बघितलं. शेवटी डब्यातून एक नवा घेतला आणि शंभर केले. तर अक्कांच्या खोलीतून आवाज आला, "पायाला काय तरी टोचायलंय गं."