आमची वाटचाल : तूरडाळीचा तो सोमवार

सोलापुरात आमचा भुसारचा छोटा व्यापार. मिलवाले रोज सकाळी आपापल्या पोर्टलवर भाव टाकतात, त्यातून आम्ही चार ओळींचा सारांश करून किराणावाल्यांना पाठवतो. सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एका सोमवारी गुलबर्ग्याच्या मिलची फटका तूरडाळ क्विंटलला १०,२०० दिसत होती, तारीख त्याच दिवसाची. भाडं १२०, हमाली २०, म्हणजे सोलापूर पोहोच १०,३४०. त्यावर शंभर क्विंटलचे सौदे झाले. दुपारी मिलचा मुनीम म्हणतो, "तो भाव शनिवारचा, आज १०,६५०." पोर्टल तारीख आपोआप पुढं ढकलत होतं, भाव कुणी भरलाच नव्हता. क्विंटलमागं साडेचारशेचा फरक, आणि आमचं मार्जिन शंभरसुद्धा नव्हतं. वर ऐकवलं काय, तर पोर्टलवरचा भाव फक्त सूचक असतो! हे आधी लिहायला काय झालं होतं?

आम्ही बोललेल्या भावानंच माल दिला. तरी समोरच्या गाळेवाल्यानं आमचा मेसेज गावभर फिरवला, खाली लिहिलं "यांचे भाव शिळे". गिऱ्हाईक तुटत गेलं, गाळा सोडायची वेळ आली. मोहोळचे काका तेवढे टिकले. "शब्द पाळलास ना? मग पुढचे वीस कट्टे लिहून घे," एवढंच बोलले.

मग भागीदार मेव्हण्यानं शीट नव्यानं मांडलं. आजच्या भावाशेजारी कालचा भाव. साखर एखाद दिवस तिथंच राहते, पण एका मिलची तूर, हरभरा, मूग, उडीद अशी अख्खी यादी रुपयाचाही फरक न पडता कालचीच दिसली, तर ती भरलेलीच नाही असं धरायचं. मुनिमाला फोन होईपर्यंत ती मिल सारांशाबाहेर. सोमवारी आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी हे हमखास सापडतं.

दुसरी गोम मापाची. कुणी क्विंटलचा भाव टाकतो, कुणी तीस किलोच्या कट्ट्याचा. कट्टा ३,१८० म्हणजे क्विंटल १०,६००. वरून स्वस्त वाटतो, पण तो मिलवरचा. आमचे १४० धरले की १०,७४०. शेजारची ओळ १०,७०० ची, पण पोहोच. म्हणजे महाग दिसणारीच चाळीस रुपयांनी स्वस्त. म्हणून आम्ही सगळं पोहोच क्विंटलवर आणतो, मगच कालपेक्षा किती वर-खाली ते लिहितो. फटका आणि बिनफटका एका ओळीत कधीच नाही. नवीन पोरांना सांगतो, सरासरी काढत बसू नका. सरासरीच्या भावानं कुठलीच मिल माल देत नाही. आणि रोख की उधारी, ते विचारल्याशिवाय भाव खरा धरू नका.

समोरचा गाळेवाला आता आमचाच मेसेज नाव खोडून पुढं पाठवतो म्हणे. पाठवू दे की. त्यातलं भाडं आमच्या गाडीचं आहे, त्याच्या गाडीला जास्त पडतं.