तुम्ही विचारलंत म्हणून : टकरींनी घडवलेली कडी

"शनीची ती कडी नेमकी कशाची आहेत हो? आणि ती इतकी पातळ, कडेला इतकी रेखीव कशी राहतात? विस्कटून का जात नाहीत?"

मुख्यतः पाण्याच्या बर्फाची. आपल्या फ्रीजमध्ये गोठते त्याच पाण्याच्या, पण शून्याखाली पावणेदोनशे अंशांच्या आसपास गोठलेल्या, त्यामुळे दगडासारख्या टणक झालेल्या बर्फाची. कड्यांवरून परावर्तित होऊन येणाऱ्या सूर्यप्रकाशातील अवरक्त भाग तपासला असता पाण्याच्या बर्फाची खूण त्यात स्पष्ट दिसते, आणि ही गोष्ट 1970 पासून निर्विवाद आहे. बर्फात थोडी भेसळ आहे, तिच्यामुळे कड्यांना फिकट तांबूस छटा येते. पण मुख्य कड्यांच्या वजनाचा फारच मोठा वाटा बर्फाचाच आहे. तुकड्यांचे आकार साधारण एका सेंटिमीटरपासून दहा मीटरपर्यंत आहेत. कॅसिनी यानाने कड्यांच्या पलीकडून पृथ्वीकडे निरनिराळ्या तरंगलांबीचे रेडिओ संदेश पाठवले आणि कोणती तरंगलांबी कड्यांतून जाताना किती क्षीण झाली, यावरून हे आकार मोजले गेले.

हे सुटे तुकडे आहेत, ही गोष्ट दुर्बिणीतून कळत नाही. ठाण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर शनी दाखवताना पाहणाऱ्याला एक सलग, घट्ट चकतीच दिसते. परंतु असे घन कडे टिकूच शकणार नाही, हे मॅक्सवेल यांनी 1850 च्या दशकात गणिताने दाखवले होते, आणि 1895 मध्ये कीलर यांनी वर्णपटावरून त्याचा पुरावा दिला. कड्याचा आतला भाग बाहेरच्या भागापेक्षा वेगाने फिरतो, असे त्यांना आढळले. घन चकतीत याच्या उलट झाले असते. म्हणजे प्रत्येक तुकडा हा स्वतःच्या कक्षेत शनीभोवती फिरणारा एक चिमुकला उपग्रह आहे. हे एकदा मनात पक्के बसले की पुढचे सारे त्यातूनच निघते.

2025 च्या नोव्हेंबरात आम्ही शनीकडे पाहिले तेव्हा कडी जवळजवळ आडवी, म्हणजे आपल्या दृष्टिरेषेतच होती आणि लहान दुर्बिणीतून ग्रहाला आरपार गेलेली एक बारीक रेघ तेवढी दिसत होती. मुख्य कड्यांचा व्यास सुमारे 2,70,000 किलोमीटर आहे आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आसपास. याच प्रमाणात साध्या वहीच्या कागदाचा गोल कापायचा ठरवला, तर त्याचा व्यास पावणेतीन किलोमीटर ठेवावा लागेल. ठाणे स्टेशनवर मध्य धरून तो पसरला तर मासुंदा तलाव आणि नौपाडा दोन्ही त्याच्याखाली जातील.

हा पातळपणा येतो टकरींमुळे. एखाद्या तुकड्याची कक्षा शनीच्या विषुववृत्ताच्या प्रतलाला किंचित कललेली आहे असे समजू. तो अर्धी फेरी प्रतलाच्या वर आणि अर्धी खाली राहील, आणि प्रत्येक फेरीत दोनदा प्रतल ओलांडेल. प्रतलात गर्दी असल्यामुळे ओलांडताना तो कोणावर तरी आदळतोच. टक्कर होते तेव्हा एक तुकडा वरून येत असतो आणि दुसरा खालून. त्यांचे हे उभे वेग परस्परविरुद्ध असतात, म्हणून ते एकमेकांना खातात आणि थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. शनीभोवती फिरण्याचा वेग मात्र दोघांचाही जवळपास सारखा आणि एकाच दिशेचा असतो, त्यामुळे टकरीत तो नाहीसा होत नाही. टक्कर फक्त तुकड्यांतील फरक पुसते, त्यांच्यात समान असलेले काही पुसत नाही. फेरीमागून फेरी असे होत राहिले की वर-खाली होणे मरते आणि उरते ती एक चपटी चकती.

आकडे पाहिले की याची नजाकत कळते. मुख्य कड्यांतील तुकडे सेकंदाला साधारण सतरा ते तेवीस किलोमीटर वेगाने शनीभोवती फिरत असतात, पण शेजारच्या दोन तुकड्यांचा एकमेकांच्या तुलनेतील वेग सेकंदाला काही मिलिमीटर एवढाच असतो. म्हणून या टकरी फार हळुवार असतात; त्यांत बर्फाचा चुरा होत नाही. जाडी दहा मीटरवर थांबते, शून्य होत नाही, याचेही कारण आहे. आतल्या आणि बाहेरच्या तुकड्यांच्या वेगांत जो थोडा फरक कायम असतो तो, आणि मोठ्या तुकड्यांचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण, ही दोन्ही मिळून या गर्दीला थोडी हालती ठेवतात.

टकरींमुळेच कडे पातळ होते, याची उलट बाजूने पडताळणीही करता येते. शनीचे ई नावाचे कडे एन्सेलाडस या उपग्रहातून उडणाऱ्या अतिसूक्ष्म बर्फकणांचे आहे. ते इतके विरळ आहे की कण एकमेकांवर जवळजवळ आदळतच नाहीत. म्हणूनच ते चपटे झालेले नाही. त्याची जाडी हजारो किलोमीटर आहे.

आता किनारीचा प्रश्न, आणि तो अधिक अवघड आहे. ज्या टकरी कड्याला चपटे करतात, त्याच त्याला आडवे पसरवतातही. आतला वेगवान तुकडा बाहेरच्या संथ तुकड्याला घासून गेला की बाहेरच्याला पुढे रेटा मिळतो आणि तो आणखी बाहेर सरकतो. आतल्याचा वेग खुंटतो आणि तो आणखी आत उतरतो. हे अगदी सावकाश होते, पण थांबत नाही. त्यामुळे नुसत्या टकरींवर सोडले, तर कड्याची किनार पुसट होत जायला हवी आणि फटी बुजायला हव्यात.

प्रत्यक्षात तसे दिसत नाही. 1981 मध्ये व्हॉयेजर 2 शनीजवळून जात असताना त्याने अनुराधा नक्षत्रातील डेल्टा स्कॉर्पी हा तारा कड्यांच्या आडून पाहिला. ताऱ्याचा प्रकाश कुठे अडतो आणि कुठे मोकळा येतो, याची नोंद सुमारे शंभर मीटरांच्या बारकाव्याने झाली, आणि तीत काही किनारी अशा निघाल्या की प्रकाश तिथे हळूहळू मंदावत नव्हता, एकदम तुटत होता.

यांपैकी एकच उदाहरण घेऊ, कारण ते मला सर्वांत शिकवणारे वाटते. मुख्य कड्यांपैकी बाहेरच्या, ए नावाच्या कड्यात सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास रुंदीची एन्के फट आहे. व्हॉयेजरच्या छायाचित्रांत तिच्या किनारी सरळ नव्हत्या, त्यांत लाटा होत्या. 1985 मध्ये कझी आणि स्कार्गल यांनी त्या लाटांचा अर्थ लावला : फटीच्या आत एक न दिसलेला लहान उपग्रह असला पाहिजे.

तर्क असा. समजा उपग्रह फटीच्या मध्यावर फिरतो आहे आणि बाहेरच्या किनारीवरचा एक तुकडा त्याच्यापासून 160 किलोमीटर दूर आहे. बाहेरचा तुकडा संथ असतो, म्हणून उपग्रह त्याला मागे टाकून पुढे जातो. त्या भेटीत बसलेल्या हिसक्यामुळे तुकड्याची गोल कक्षा किंचित लंबगोल होते आणि तो प्रत्येक फेरीत एकदा आत व एकदा बाहेर झुलू लागतो. तेवढ्याच एका फेरीत, म्हणजे पावणेचौदा तासांत, तो उपग्रहापेक्षा किती मागे पडतो? केप्लरच्या नियमावरून हे अंतर दोन कक्षांमधील अंतराच्या 3π पट, म्हणजे साडेनऊ पटींहून थोडे कमी निघते. 160 ला तेवढ्याने गुणले की 1,500 किलोमीटर येतात. एकामागून एक येणारा प्रत्येक तुकडा असाच झुलत असल्याने किनारीवर तितक्याच लांबीची लाट उमटते. बाहेरच्या किनारीवर ती उपग्रहाच्या मागे आणि आतल्या किनारीवर त्याच्या पुढे पसरते, कारण आतले तुकडे त्याला ओलांडून पुढे निघून जातात. म्हणजे लाटेच्या लांबीवरून उपग्रहाची कक्षा आणि लाट कुठे सुरू होते त्यावरून त्याची जागा काढता येते. 1990 मध्ये शोवॉल्टर यांनी व्हॉयेजरची जुनी छायाचित्रे याच हिशेबाने चाळली आणि उपग्रह सापडला. त्याचे नाव पॅन. आकार जेमतेम 28 किलोमीटर.

पॅन तुकड्यांना स्वतःकडे ओढतो, तरी फट मोकळी राहते, हे कोणालाही खटकावे. गुरुत्वाकर्षण ढकलत नाही, हे खरेच आहे. पण वरची भेट पुन्हा बारकाईने पाहू. पॅन तुकड्याच्या मागून येत असतो तोवर तो त्याला मागे खेचतो. ओलांडून गेल्यावर पुढे खेचतो. दरम्यान ओढीमुळे तुकडा पॅनच्या दिशेला थोडा सरकलेला असतो, म्हणून दुसरी ओढ पहिलीपेक्षा किंचित जोरदार पडते. शिल्लक उरतो तो पुढचा रेटा, आणि कक्षेत पुढे रेटा मिळालेली वस्तू बाहेर सरकते. आतल्या किनारीवर सारे याच्या उलट होते आणि तिथले तुकडे आत सरकतात. दोन्हीकडे परिणाम एकच : पॅनपासून दूर.

एवढ्यानेही काम पुरे होत नाही. तोच तुकडा आणि पॅन पुन्हा समोरासमोर येतात ते सुमारे साडेदहा महिन्यांनी. तोवर तुकड्याचे झुलणे तसेच चालू राहिले असते, तर पुढच्या भेटीत मिळणारा हिसका कधी पहिल्याला जोडून, कधी त्याच्याविरुद्ध पडला असता आणि एकदा मिळालेले हाती राहिले नसते. इथे पुन्हा टकरी उपयोगी पडतात. किनारीपासून आत-आत जावे तशी लाटेची लांबी बदलते, त्यामुळे शेजारच्या लाटा काही अंतराने परस्परांत घुसू पाहतात, तिथे गर्दी होते आणि टकरींनी झुलणे शमते. पुढच्या भेटीपर्यंत तुकडा पुन्हा गोल कक्षेत स्थिरावलेला असतो, पण आधीपेक्षा किंचित दूरच्या. पातळपणा, पसरणे आणि पसरण्याला बसणारी वेसण या तिन्हींत टकरींचा हात आहे. या सगळ्यात मला हेच सर्वांत विलक्षण वाटते.

प्रत्येक किनारीजवळ असा उपग्रह बसलेला नसतो. काही ठिकाणी दूरचा उपग्रह फेऱ्यांच्या जुळणीने तेच काम करतो. ए कड्याच्या आतल्या बाजूला असलेल्या बी कड्याच्या बाहेरच्या किनारीवरील तुकडे मिमास उपग्रहाच्या एका फेरीत दोन फेऱ्या मारतात, ए कड्याच्या बाहेरच्या किनारीवरील तुकडे जेनसच्या सहा फेऱ्यांत सात. हिसका दर वेळी कक्षेतील ठरावीक जागीच बसत असल्याने तो साचत जातो.

बी कड्याच्या आतल्या किनारीशी मात्र कोणत्याही उपग्रहाच्या फेऱ्या जुळत नाहीत, तरी ती रेखीव आहे. तिच्यासाठी वेगळे स्पष्टीकरण पुढे आले आहे. बाहेरून येणारे सूक्ष्म अशनी कड्यांवर सतत आदळतात, त्यातून उडालेले बर्फाचे कण शेजारच्या भागात जाऊन पडतात, आणि दाट व विरळ भागांतील ही देवाणघेवाण असमान असल्याने त्यांच्यामधली आतली किनार पुसट होण्याऐवजी उठावदार राहते. संगणकावर केलेल्या गणितांत अशी किनार टिकून राहताना दिसते.