“कॉम्प्युटर बोंबलतोय, लवकर या”

जुलैचा शेवटचा आठवडा, रिटर्नची घाई, आणि एका सीएच्या ऑफिसातून मॅडमचा फोन आला. मागून सायरन आणि इंग्रजीत बडबडणारी एक बाई मला इकडे ऐकू येत होती. स्क्रीनवर म्हणे विंडोजचा लोगो, लाल डबा, व्हायरस सापडलाय, पीसी बंद करू नका, आणि खाली मोठ्ठा फोन नंबर. मी आधी एवढंच विचारलं, “नंबर लावला का?” “नाही हो, तुम्हालाच लावला.” म्हटलं मग अर्धं काम झालं, कारण मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या वॉर्निंगमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

पोचलो तर बाण गायब, क्रॉस दिसत नाही. ही नुसती वेबसाइट असते, फुल स्क्रीन करून माऊसचा बाण लपवते, म्हणून सगळा पीसीच लॉक झाल्यासारखा वाटतो. Esc दोन-तीन सेकंद दाबून धरलं की बऱ्याचदा फुल स्क्रीन सुटते, इथं सुटली नाही, मग Ctrl+Alt+Del. ते थेट विंडोजकडे जातं, कुठल्याच वेबपेजला अडवता येत नाही. तिथून टास्क मॅनेजर, क्रोमवर End task, आवाज बंद.

मॅडम म्हणाल्या, “मघाशी मी बटण दाबून बंदच केला होता, चालू केल्यावर परत तेच!” झालं असं की क्रोमनं Restore विचारलं आणि यांनी सवयीनं दाबलं, मग तोच टॅब परत हजर. यावेळी मी नेटची वायर काढली, क्रोम उघडला आणि Restore ला हात न लावता ती चौकट बंद केली.

आता नुकसान. पान उघडल्यानं सहसा काही होत नाही, धोका असतो तो त्यांच्या सांगण्यावरून काही इन्स्टॉल केलं तर. म्हणून आधी डाऊनलोड्स फोल्डर बघितला, मग इन्स्टॉल्ड ॲप्स तारखेप्रमाणे लावून AnyDesk किंवा तसलं रिमोटवालं काही नवीन आलंय का ते. काही नव्हतं. नंबर लावून कुणाला स्क्रीन दिली असती तर गोष्ट वेगळी, नेट बंद ठेवून आधी दुसऱ्या मशीनवरून बँकेचे पासवर्ड बदलायला लागले असते.

हिस्टरीत मात्र सापडलं. पीडीएफ जोडायची साइट शोधताना वरच्या जाहिरातीवर क्लिक, तिथून तीन-चार उड्या मारत हे पान. मधल्याच एका साइटनं “रोबोट नाही म्हणून Allow दाबा” सांगितलेलं, मॅडमनी दाबलेलं. ते `chrome://settings/content/notifications` मध्ये जाऊन काढलं, नाहीतर क्रोम चालू असेपर्यंत कोपऱ्यात व्हायरसच्या खोट्या नोटिफिकेशन येतच राहतात आणि लोक अँटिव्हायरस विकत घेत बसतात.

शेवटी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला, पीसी रिस्टार्ट होऊन पंधराएक मिनिटं जातात त्यात. चहा झाला तोवर. रिपोर्ट कोरा. मग नेटची वायर परत लावली आणि ॲडब्लॉकर टाकून दिला.