‘समाधानकारक’च्या पुढे काय होतं?

आमच्या कंपनीच्या पोर्टलवर अप्रेझलच्या शेऱ्यासाठी जो चौकोन दिला आहे, तो ज्याने बनवला त्याला मे महिन्यात बुटीबोरीच्या शेडमध्ये कूलरशिवाय बसवून एक शेरा लिहायला लावावा, असं मला अजूनही वाटतं. चौकोनात पाचशे कॅरॅक्टर मावतात. हाताने टाईप केलं तर मर्यादा आल्यावर कर्सर थांबतो, म्हणजे लिहिणाऱ्याला निदान कळतं. पण आमचे विभागप्रमुख कुठे पोर्टलवर टाईप करतात? ते आधी व्हॉट्सॲपवर नाहीतर वर्डमध्ये लिहितात आणि इथे पेस्ट मारतात. पेस्ट केलेला मजकूर पाचशेच्या पुढे गेला तर उरलेला गुपचूप गळून पडतो. लाल अक्षर नाही, सूचना नाही. वर हिरवी बरोबरची खूण येते.

मी एचआरमध्ये आहे. विभागप्रमुखांनी भरलेली सगळी अप्रेझलं कर्मचाऱ्यांच्या हाती जाण्याआधी माझ्या टेबलावरून जातात. नाव, कोड, हुद्दा, रुजू तारीख हे मास्टरशी ताडून मीच दुरुस्त करते. शुद्धलेखनही मीच बघते. पण गुण आणि शेऱ्याचा अर्थ यांना हात लावायचा नाही, ते काम लिहिणाऱ्याचं. ऐकायला सरळ वाटतं. एप्रिल 2024 ते मार्च 2025 या वर्षाच्या फायली आल्या आणि स्टोअर्सच्या एका सुपरवायझर ताईंच्या फॉर्मवर माझी गाडी रुतली.

‘साठ्याची अचूकता’ या मुद्द्याला पाचपैकी 2 गुण. आमच्याकडे 2 म्हणजे ‘अपेक्षेपेक्षा कमी’. आणि खाली शेरा असा: माल लावण्याची पद्धत सुधारली, बिन कार्ड अद्ययावत ठेवतात, वगैरे वगैरे, आणि शेवटी ‘एकूण साठ्याच्या नोंदींचं काम समाधानकारक’. बस, तिथेच संपलं. पूर्णविरामसुद्धा नाही.

आता गुण म्हणतो कमी आणि शेरा म्हणतो समाधानकारक. असा फॉर्म ताईंच्या हाती गेला असता तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला असता की काम समाधानकारक होतं तर दोन गुण कशाचे? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मला आधी खटकला तो पूर्णविराम, कारण शेरा लिहिणारे त्यांचे विभागप्रमुख साहेब बाकी प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देतात. म्हणून पोर्टलमधून एक्सेल काढली आणि शेऱ्याची लांबी मोजली. 499. पाचशेवं बहुधा शेवटची मोकळी जागा असावी, पोर्टल ती छाटतं. म्हणजे वाक्य संपलं नव्हतं, कापलं गेलं होतं.

इथे एक गोष्ट सांगते, कारण आमच्या आयटीवाल्या भाऊंनाही ती समजावून सांगावी लागली. मराठीत पाचशे म्हणजे डोळ्यांना दिसणारी पाचशे अक्षरं नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘नोंदींचं’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, कॉम्प्युटर तो 8 मोजतो. ‘क्ष’ एकटा 3 खातो. त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याला वाटतं की आपण थोडकंच लिहिलं, आणि तोवर चौकोन भरलेला असतो. त्यात मराठीचा ‘नाही’ बसतो वाक्याच्या शेवटी. कात्री पहिल्यांदा त्याच्यावरच चालते.

ऑफिसात ज्याला दाखवलं तो हेच म्हणाला. शेजारच्या टेबलावरचे पेरोलचे भाऊ तर वैतागले, “टाकून द्या ना मॅडम ‘नाही’. गुण दोन आहेत, उघड आहे. काऊन एवढं ताणून राहिल्या?” माझ्या वरिष्ठांनाही तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही. ‘समाधानकारक नाही’ लिहिलं की गुण आणि शेरा जुळतात आणि फाईल पुढे सरकते.

पण जुळणं आणि खरं असणं यात फरक आहे, आणि माझी सही त्याच फरकासाठी लागते. मी फॉर्म ‘परत पाठवा’ वर टाकला.

तिथून खरी रखडपट्टी. साहेब लग्नसराईत भंडाऱ्याला गेलेले. पुतणीचं लग्न, त्यामुळे फोन लागला तरी मागे बँड. पोर्टलवर परत पाठवलेला फॉर्म त्यांनी उघडल्याशिवाय पुढे जात नाही आणि दुसऱ्या कुणाला देताही येत नाही. वरून रोज सकाळी आपोआप मेल, तुमच्याकडे एक फॉर्म प्रलंबित आहे. माझ्याकडे! मी तो परत पाठवला होता, तरी प्रलंबित माझ्याच नावावर. हा हिशेब मला आजवर कुणी समजावून दिलेला नाही.

शेवटी मी साहेबांना व्हॉट्सॲपवर असा मेसेज केला की बँडमध्ये उभं राहूनही उत्तर देता यावं. ‘शेरा सुधारा’, ‘कृपया तपासा’ असलं काही नाही. त्याला कुणी उत्तर देत नाही, दिलं तर ‘ठीक आहे, तुम्हीच बघा’ असं येतं. मी लिहिलं: ‘साठ्याची अचूकता: गुण 2. शेरा “काम समाधानकारक” इथे कापला गेला आहे. त्यापुढचे तुमचे मूळ शब्द पाठवाल का? आणि वर्षातल्या चार मोजण्यांचे फरक किती होते?’

संध्याकाळी उत्तर आलं. मूळ वाक्य होतं: ‘एकूण साठ्याच्या नोंदींचं काम समाधानकारक झालं ते ऑक्टोबरनंतर, त्याआधीच्या दोन मोजण्यांत फरक लक्ष्यापेक्षा जास्त होता.’

‘नाही’ नव्हताच! पेरोलच्या भाऊंना मी तो मेसेज वाचून दाखवला, हे कबूल करते, जरा मोठ्यानेच.

चार तिमाही मोजण्यांत नोंदीतला साठा आणि प्रत्यक्ष मोजलेला साठा यांतला फरक अनुक्रमे 1.8, 1.4, 0.4 आणि 0.3 टक्के. लक्ष्य 0.5. वर्षाची सरासरी एक टक्क्याच्या जरा आत, म्हणजे लक्ष्याच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे आमच्या पट्टीप्रमाणे 2 गुण बरोबर. पण ‘समाधानकारक नाही’ हे सरसकट वाक्य त्या ताईंवर अन्याय करणारं झालं असतं, कारण दुसऱ्या सहामाहीत त्यांनी काम रुळावर आणलं होतं. साहेबांनी शेरा पुन्हा लिहिला, यावेळी आकड्यांसह आणि छोटा: ‘एप्रिल ते सप्टेंबरच्या दोन मोजण्यांत फरक 1.8 व 1.4 टक्के, लक्ष्य 0.5. ऑक्टोबरपासून बिन कार्डची रोजची नोंद सुरू केल्यावर फरक 0.4 व 0.3 टक्के.’ वाचणाऱ्याला गुण का कमी आणि पुढे काय चालू ठेवायचं, दोन्ही कळतं. ‘पद्धत सुधारली’ यातून काहीच कळत नव्हतं.

त्या फॉर्ममध्ये आणखी एक विसंगती होती, ती मात्र लवकर मिटली. एकूण गुणांच्या घरात 4 लिहिलं होतं. हे घर आमच्याकडे हाताने भरतात, सूत्राला जोडलेलं नाही. मुद्द्यांचं वजन 40, 30, 20, 10 आणि गुण 2, 4, 3, 4. गुणाकार करून बेरीज केली की 80, 120, 60, 40, एकूण 300, म्हणजे बरोबर 3. साहेब म्हणाले, “त्या शेवटी चांगल्या चालून राहिल्या होत्या ना, म्हणून चार लिहिले.” वर्षाच्या शेवटच्या महिन्यांवरून अख्ख्या वर्षाचा गुण देणं ही फार जुनी सवय आहे, आणि ती पकडायची तर हीच बेरीज करावी लागते. त्यांनी स्वतःच 3 केलं. माझ्याकडे आता हे दोन्ही तपास एक्सेलमध्येच असतात. B मध्ये वजन, C मध्ये गुण, D मध्ये शेरा:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUM(B2:B5)
=AND(LEN(D2)>=495,RIGHT(TRIM(D2),1)<>".")
```

दुसऱ्या ओळीचं उत्तर TRUE आलं की शेरा कापला गेल्याचा संशय घ्यायचा. पाचशे न लिहिता 495 ठेवलंय ते छाटलेल्या मोकळ्या जागांसाठी. ज्यांच्या पोर्टलवर मर्यादा वेगळी आहे त्यांनी आकडा बदलावा. आणि शब्दच मधून तुटला असेल तर सूत्राची गरज नाही, शेवट वाचला की दिसतं. अवघड तेच असतं जिथे तुकडा पूर्ण वाक्यासारखा दिसतो.

मधेच आठवलं म्हणून: शेरे गेल्या वर्षीच्या फॉर्मवरून किंवा दुसऱ्याच्या फॉर्मवरून उचललेले असतात, ते ओळखायला क्रियापदं बघा. ‘त्यांनी काम पूर्ण केलं’ यात बाई की पुरुष कळत नाही, त्यामुळे अशी वाक्यं निसटतात. पण ‘हजर राहिले’, ‘पुढे आले’, ‘प्रशिक्षणाला गेले’ इथे चोरी उघडी पडते. बाईंच्या फॉर्मवर Ctrl+F ने ‘राहिले’, ‘आले’, ‘गेले’ शोधते मी. एक सापडलं की तो अख्खा शेरा कुणाचा आहे हे विचारायचं, नुसतं ‘राहिल्या’ करून मोकळं व्हायचं नाही. क्रियापद दुरुस्त केलं की पुरावा जातो आणि दुसऱ्याचा शेरा तसाच राहतो.

घरच्या गोष्टी दिसल्या तरीही मी फॉर्म परत पाठवते. ‘सासूच्या आजारपणामुळे लक्ष कमी’ असं एकाने लिहिलं होतं. लक्ष कमी म्हणजे काय झालं, कोणती तारीख चुकली, ते लिहा म्हटलं. त्यांनी ओळच काढली, कारण चुकलेली तारीख एकही नव्हती.

शेवटचा फॉर्म मंजूर झाल्यावरही पीडीएफ उघडून पाहा. आमच्या पोर्टलची पीडीएफ काही जोडाक्षरं तोडते, आणि स्क्रीनवर नीट दिसणारं नाव कागदावर फुटलेलं निघतं. ताईंचं आडनाव तसंच फुटलं होतं, ते फॉन्ट बदलून घेतलं आणि मगच त्यांना सहीला बोलावलं.

हो, आणि नावावरून फॉर्म कधीच शोधू नका. आमच्याकडे नाव आणि आडनाव तेच असलेले दोघं आहेत, एक डिस्पॅचला, एक मेंटेनन्सला. फरक फक्त वडिलांच्या नावात, आणि पोर्टलच्या यादीत तेवढंच दिसत नाही. कोड टाकून शोधायचं, मग रुजू तारीख ताडायची. मेंटेनन्सवाल्याच्या शेऱ्यात ‘गाड्या वेळेवर भरून सोडतात’ असं वाचलं की समजायचं, यादीतली ओळ चुकीची निवडली गेली आहे.