खंड्या स्वप्नात पाणी मागतो

साताऱ्यात माझं छोटंसं क्लिनिक आहे, कुत्री-मांजरं जास्त आणि अधनंमधनं एखादी शेळी. शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून बाहेर पडून मला 14 वर्षं झाली, तेवढ्यात बरीच जनावरं हाताखालून गेली आणि बरीच हातातच गेली. पण ही जी गोष्ट सांगतेय त्यात पेशंट आधीच गेलेला होता आणि आला होता तो त्याचा मालक. नावं बदलली आहेत.

संध्याकाळी साडेआठला शटर अर्धं खाली ओढलेलं, तेवढ्यात काका वाकून आत आले. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, गोडोलीला राहतात. मी 19 दिवसांपूर्वी त्यांच्या खंड्याला इंजेक्शन देऊन झोपवलं होतं. अकरा वर्षांचा गावठी कुत्रा, तांबूस रंगाचा, एक कान कायम पडलेला. काकांच्या हातात खंड्याची फाइल होती. मला वाटलं बिलाचं काही राहिलं असेल, तर म्हणाले, "नाही ताई, एक विचारायचं होतं. खंड्या रोज पहाटे येतोय."

मी त्यांना बसवलं. कंपाउंडर पोराला म्हटलं, तू जा घरी.

स्वप्न एकच. मागच्या अंगणात खंड्याची जर्मनची थाळी पडलेली, कोरडी ठणठणीत, आणि खंड्या तिच्याजवळ उभा राहून काकांकडे बघतोय. भुंकत नाही, शेपूट हलवत नाही, डोळे उघडे ठेवून नुसता बघतोय. काका नळाकडे जातात तर नळाला पाणी नाही. तेवढ्यात जाग येते, घड्याळात साडेचार वाजलेले असतात. शेजारच्या एका बाईंनी सांगितलं की गेलेला जीव स्वप्नात तहानलेला दिसला म्हणजे तो अतृप्त आहे, आणि पहाटेचं स्वप्न खोटं नसतं. तेव्हापासून काकांनी झोपायचंच बंद केलेलं. काकूंना त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, आणि पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला होता, बाबा कुत्र्यासाठी एवढं कशाला, दुसरा आणू.

मग फाइलीवर हात ठेवून ते म्हणाले, "मी पाणी तोडलं होतं ना त्याचं. तुम्ही बोलला होता मला."

माझ्या पोटात खड्डाच पडला, कारण बोलले होते मी. पहिल्या दिवशी खंड्याला आणलं तेव्हा हिस्टरी घेताना कळलं की तो महिनाभर खूप पाणी पितोय आणि रात्री घरात लघवी करतोय, म्हणून काकांनी आदल्या चार रात्री थाळी उचलून ठेवली होती. हे लोक फार करतात. घरात घाण व्हायला लागली की पाणी कमी करायचं, सरळ हिशोब वाटतो. पण किडनी बिघडलेल्या कुत्र्यात तो उलटा असतो, किडनी लघवी घट्ट करू शकत नाही म्हणून पाणी बाहेर निघून जातं आणि जे निघून गेलं ते भरून काढायला तो पितो. जास्त पितो म्हणून मुतत नाही, जास्त मुततो म्हणून पितो. अशा वेळी पाणी तोडलं की लघवी तशीच चालू राहते आणि शरीर सुकतं. त्या दिवशी बाहेर सहा-सात पेशंट बसलेले, मी घाईत होते आणि म्हणून गेले, "पाणी कशाला बंद केलंत काका? त्यानेच तर जगत होता तो." एवढंच एक वाक्य, मी पाच मिनिटांत विसरले आणि काका ते इतके दिवस उराशी धरून बसले होते. ती कोरडी थाळी त्यांच्या स्वप्नात माझ्याच वाक्याने नेऊन ठेवली होती.

आता सोपा मार्ग होता, "नाही काका, तुमचं काही चुकलं नाही" म्हणायचं आणि चहा मागवायचा. पण आयुष्य मशिनी उघडण्यात घालवलेल्या माणसाला असलं बोलणं पटत नाही, आणि ते पूर्ण खरंही नव्हतं. म्हणून मी फाइल उघडली आणि म्हटलं, आपण बघू खंड्या कशाने गेला.

पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, 9.8. कुत्र्यात ते साधारण दीडच्या आत पाहिजे. किडनीचं जवळपास तीन चतुर्थांश काम बंद पडल्याशिवाय हा आकडा सहसा हलतच नाही, म्हणून तर घरच्यांना आधी काही कळत नाही. काकांचा प्रश्न बरोबर होता, "मग ते पाणी तोडल्यामुळंच वाढलं नसेल कशावरून?" वाढतं ना पाणी कमी झाल्यावर. मी म्हटलं, वाढतं. खंड्या आला तेव्हा सुकलेलाच होता, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसत होती, हिरड्या बोटाला चिकटत होत्या.

पण म्हणूनच आपण चार दिवस सलाइन लावलं. पुढचं पान. दुसऱ्या दिवशी 8.6, तिसऱ्या दिवशी 8.1, चौथ्या दिवशी 8.2. अंगातलं पाणी भरून निघालं, कातडी लगेच बसायला लागली, लघवी भरपूर होत होती आणि तरी आकडा आठाच्या खाली यायला तयार नाही. पाण्याच्या कमतरतेने जेवढं चढलं होतं तेवढं सलाइनने उतरलं, उरलेलं किडनीचं होतं. काकांनी चष्मा वर करून ते तीन आकडे बोटाने परत परत वाचले.

मग सोनोग्राफी. दोन्ही किडन्या आक्रसलेल्या, कडा खडबडीत. चार रात्रीत किडनी लहान होत नाही, अचानक मार बसला तर उलट ती सुजलेली दिसते. आणि रक्त, हिमोग्लोबिन 6.4. निरोगी कुत्र्याला 12 च्या वर असतं. रक्ताच्या पेशी बनवायचा निरोप किडनीकडून जातो, तो निरोप थांबला की नवीन पेशी कमी बनतात, पण जुन्या लगेच मरत नाहीत, कुत्र्याची लाल पेशी साधारण 110 दिवस जगते. म्हणजे रक्त एवढं खाली यायला काही महिने लागलेले असणार. शेवटी मी त्याचं लसीचं पुस्तक काढलं. आदल्या वर्षी रेबीजच्या लसीला वजन 19 किलो, आणला तेव्हा 14.

"म्हणजे दिवाळीपासूनच चाललं होतं," काका म्हणाले. दिवाळीत त्याने करंजी तोंडात धरून सोडून दिली होती म्हणे, त्यांना तेव्हा हसू आलं होतं.

मी म्हटलं, हो, तेव्हापासून असेल. पाणी तोडायला नको होतं हे खरं, त्या चार रात्री त्याला त्रास झाला असणार हेही खरं. पण त्याने तो गेला नाही. पाणी चालू असतं तरी चार-पाच दिवसांनी आपण याच टेबलावर असतो. आणि मी ज्या आवाजात बोलले तसं बोलायला नको होतं काका, ते माझं चुकलं.

ते रडले. आवाज न करता, रुमालाने सारखा चष्मा पुसत. मी बसून राहिले, बाहेर कोणीतरी शटर वाजवलं ते वाजवू दिलं.

थोड्या वेळाने त्यांनी दुसरं विचारलं, आणि हे विचारायला त्यांना जास्त जड गेलं. "शेवटी तो माझ्याकडं बघत होता. डोळे मिटलेच नाहीत त्याने." इथेही चूक माझीच, आधी सांगितलं नव्हतं. आम्ही आधी गुंगीचं इंजेक्शन देतो, जनावर गाढ झोपतं, मग पायाच्या शिरेतल्या सुईतून भुलीचं औषध पण खूप जास्त मात्रेत, मिनिटभरात श्वास थांबतो आणि मग हृदय. डोळे उघडेच राहतात कारण पापणी घट्ट मिटायला स्नायूला काम करावं लागतं, ते काम करणारं मागे कोणी उरलेलं नसतं. कधीकधी श्वास थांबल्यावरही एखादा मोठा उसासा येतो, पाय थरथरतो, लघवी होते. खंड्याचे डोळे उघडे होते पण बघत कोणी नव्हतं, तो गुंगीच्या इंजेक्शनलाच झोपला होता, तुमचा हात त्याच्या डोक्यावर असतानाच. मी त्याच्या डोळ्याला बोट लावून बघितलं होतं, पापणी हलली नव्हती, तेव्हाच दुसरं इंजेक्शन दिलं. काका म्हणाले, "हां, बोट लावलेलं आठवतंय मला. मला वाटलं पुसताय."

साडेचारचं मात्र मला कळत होतं. खंड्या त्यांना अकरा वर्षं साडेचारला उठवायचा, फिरायला. अंगाला ती वेळ लागलेली. आणि ठळक स्वप्नं पडणारी झोप रात्री सुरुवातीला थोडी आणि पहाटेकडे लांबत जाते, त्यात मध्येच जाग आली की स्वप्न जसंच्या तसं लक्षात राहतं. जाग आली नसती तर तेच स्वप्न पडून विसरलंही असतं. पहाटेची स्वप्नं एवढी खरी वाटतात ती त्यामुळे. मी शेजारच्या बाईंना खोटं पाडायला गेले नाही. काकांना पाणी सोडायचं असेल तर सोडावं, त्यात वाईट काहीच नाही, फक्त शिक्षा म्हणून नको.

माझी एक मैत्रीण सायकॉलॉजिस्ट आहे, तिला तिथूनच फोन लावला कारण हे माझं काम नाही. ती म्हणाली, तेच तेच वाईट स्वप्न पडणाऱ्यांकडून एक गोष्ट करून घेतात. दिवसा, जागेपणी, शांत बसून ते स्वप्न डोळ्यासमोर आणायचं आणि त्यातली एक गोष्ट स्वतःला हवी तशी बदलायची, मग तेच बदललेलं रोज दहा-पंधरा मिनिटं मनात चालवायचं. दोन-तीन आठवड्यांत झोप आली नाही, जेवण जाईना, जगावंसं वाटेना असं झालं तर मात्र थेट माझ्याकडे पाठव म्हणाली. आणि घरात कोणाला तरी सांगू देत त्यांना, एकटे नकोत. काका म्हणाले, "नळाला पाणी आणतो मग." इतक्या सरळपणे म्हणाले जसं वायसर बदलायचाय.

त्या रात्री त्यांनी काकूंना सांगितलं. कळलं असं की काकूसुद्धा रोज संध्याकाळी मागच्या दाराशी नखांचा आवाज ऐकत होत्या आणि नवऱ्याला उगाच त्रास नको म्हणून गप्प होत्या.

तेव्हापासून मी दोन गोष्टी बदलल्या. झोपवायच्या आधी डोळ्यांचं, उसाशाचं, लघवीचं सगळं सांगते, ऐकवत नसलं तरी सांगते. आणि घरात लघवी करणारा कुत्रा आला की "पाणी बंद केलंत का" असं विचारत नाही, "रात्री थाळी कुठे असते" असं विचारते. मग लोक खरं सांगतात.

महिन्याभराने काका आले, घरी उरलेल्या उलटीच्या गोळ्या आणि सलाइनची न फोडलेली बाटली घेऊन, कोणाला तरी लागेल म्हणून. मी विचारलं, येतो का अजून? म्हणाले, रोज नाही, आठवड्यातून एखाद्या वेळी. नळाला पाणी आलं दोनदा. एकदा थाळी भरली तर त्याने तोंडच लावलं नाही, बाजूला पोत्यावर जाऊन पसरला, नेहमीसारखा पडका कान खाली घालून.

"आणि साडेचार?"

"ते होणारच की ताई. उठतो, बोअरपर्यंत चालून येतो. पट्टा नसतो हातात, हात कुठं ठेवायचा कळत नाही."